पूर्वपरीक्षेवरून बोर्डाचा अंदाज: रेषा काढा आणि शिल्लक वाचा

जानेवारीत पूर्वपरीक्षेचे पेपर तपासून झाले, की शिक्षकखोलीत एक प्रश्न हमखास निघतो. गणितात ८० पैकी ४८ पडलेत, मग बोर्डात किती पडतील? बहुतेक जण अनुभवावरून सांगतात, "दहाएक वाढतील." हा अंदाज अगदीच टाकाऊ नाही. पण ज्याला २० पडले त्याचेही दहा वाढतील आणि ज्याला ७० पडले त्याचेही दहाच वाढतील, हे मनाला पटत नाही. किती गुणांवर किती वाढ धरायची, हे मागच्या वर्षीच्या मुलांचे गुणच सांगू शकतात. त्यासाठी लागते फक्त एक सरळ रेषा. तिला सांख्यिकीच्या पुस्तकात रेषीय समाश्रयण म्हणतात, रोजच्या बोलण्यात लिनियर रिग्रेशन.

हा लेख त्या रेषेबद्दल आहे, पण माझा जास्त जीव आहे तो रेषेपासून दूर पडणाऱ्या मुलांत. रेषेने सांगितलेले गुण आणि प्रत्यक्षात पडलेले गुण यांच्यातल्या फरकाला रेसिड्युअल म्हणतात. मराठी पुस्तकात त्याला ‘अवशेष’ हा शब्द आहे. मला तो उत्खननातला वाटतो, म्हणून मी सरळ ‘शिल्लक’ म्हणेन.

आधी आकडे नीट जमवा

मागच्या वर्षीच्या दहावीच्या वर्गाचे दोन रकाने हवेत, एक पूर्वपरीक्षेचे गुण आणि दुसरा बोर्डाचे गुण. विषय एकच घ्या. महाराष्ट्र बोर्डाच्या गणितात भाग १ चे ४० आणि भाग २ चे ४० असे ८० गुण लेखी असतात, उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे. ते २० बाजूला काढा. शाळेने बोर्डाला पाठवलेले अंतर्गत गुण शाळेकडे असतातच, ते एकूण गुणांतून वजा केले की लेखी गुण मिळतात. हे का करायचे? अंतर्गत गुण बहुतेकांना जवळजवळ सारखेच मिळतात. ते मिसळले की गुणपत्रिका चांगली दिसते, पण लेखी परीक्षेचा अंदाज करताना त्यांचा काही उपयोग नसतो.

दुसरी खबरदारी गैरहजरांची. पूर्वपरीक्षेला न आलेल्या मुलापुढे तक्त्यात अनेकदा ० लिहिलेले असते. त्याला बोर्डात ५५ पडले असतील, तर शून्यावरचा हा एकच ठिपका सगळी रेषा आडवी करून टाकतो. तो शून्य म्हणजे गुण नव्हेत, ती ओळच काढून टाका. एकाच भागाला गैरहजर असलेल्यांचेही तसेच करा.

खालचा तक्ता मी हिशेब सुटसुटीत व्हावा म्हणून रचला आहे. खऱ्या वर्गात चाळीस-पन्नास मुले असतील आणि आकडे इतके गुळगुळीत नसतील, पण कृती हीच. शेवटचे दोन रकाने आत्ता सोडून द्या, ते आपण भरणार आहोत.

| क्र. | पूर्वपरीक्षा | बोर्ड | अंदाज | शिल्लक |
|---|---|---|---|---|
| १ | २० | ३६ | ३४ | +२ |
| २ | २५ | ३५ | ३८ | −३ |
| ३ | ३० | ४६ | ४२ | +४ |
| ४ | ३५ | ४९ | ४६ | +३ |
| ५ | ४० | ३८ | ५० | −१२ |
| ६ | ४५ | ५९ | ५४ | +५ |
| ७ | ५० | ५६ | ५८ | −२ |
| ८ | ५५ | ६५ | ६२ | +३ |
| ९ | ६० | ६६ | ६६ | ० |
| १० | ७० | ७४ | ७४ | ० |

रेषा काढा

पूर्वपरीक्षेची सरासरी ४३ येते, बोर्डाची ५२.४. आता प्रत्येक मूल दोन्ही सरासरींपासून किती लांब आहे ते पाहायचे. क्र. १ पूर्वपरीक्षेत सरासरीच्या २३ खाली आहे आणि बोर्डात १६.४ खाली. या दोन अंतरांचा गुणाकार ३७७.२. असे दहाही गुणाकार केले आणि मिळवले, की १८४८ येतात. मग फक्त पूर्वपरीक्षेच्या अंतरांचे वर्ग करून मिळवायचे, ते २३१०. १८४८ ला २३१० ने भागले की ०.८. हा रेषेचा चढ. रेषा दोन्ही सरासरींच्या बिंदूतून जाते, म्हणून ५२.४ मधून ०.८ × ४३ म्हणजे ३४.४ वजा केले की १८ उरतात. झाली रेषा:

बोर्डाचा अंदाज = ०.८ × पूर्वपरीक्षा + १८

हे एकदा हाताने करून पाहा, दहा मुलांचे अर्ध्या तासात होते. नंतर स्प्रेडशीटला करू द्या. B रकान्यात पूर्वपरीक्षा आणि C मध्ये बोर्ड असेल, तर:

```
=SLOPE(C2:C11, B2:B11)
=INTERCEPT(C2:C11, B2:B11)
=STEYX(C2:C11, B2:B11)
```

इथे पहिला रकाना नेहमी ज्याचा अंदाज करायचा त्याचा, म्हणजे बोर्डाचा. नवशिक्यांची सगळ्यात ठरलेली चूक इथेच होते. रकाने उलटे दिले तर स्प्रेडशीट तक्रार करत नाही, मुकाट्याने दुसरीच रेषा देते. आपल्या आकड्यांवर चढ १.०९ आणि पुढचा आकडा उणे १४ येईल. पूर्वपरीक्षेवरून बोर्डाचा अंदाज करताना चढ सहसा १ च्या आत असतो. तो वर गेला किंवा दुसरा आकडा उणे आला, तर आधी रकाने तपासा.

१८ या आकड्याचा अर्थ लावत बसू नका. पूर्वपरीक्षेत शून्य पडले तर बोर्डात १८ पडतील, असे तो वरवर म्हणतो. पण आपल्याकडे २० च्या खालचे एकही मूल नाही, तेव्हा तिथले रेषेला काही ठाऊक नाही. वरच्या टोकालाही तेच. ७८ वाल्याचा अंदाज काढला तर ८०.४ येतो, म्हणजे ८० पैकी ८०.४! रेषा २० ते ७० या पट्ट्यात शिकली आहे, तिला तेवढ्यातच बोलू द्यावे.

शिल्लक काढा

D रकान्यात अंदाज आणि E मध्ये शिल्लक:

```
D2: =0.8*B2+18
E2: =C2-D2
```

खऱ्या आकड्यातून अंदाज वजा, याच क्रमाने. शिल्लक अधिक असेल तर मूल अपेक्षेच्या वर गेले, उणे असेल तर खाली राहिले. सगळ्या शिलकींची बेरीज शून्य येते का पाहा. येणारच, कारण रेषा तशीच काढलेली असते. तेव्हा ‘सरासरी चूक शून्य, अंदाज बिनचूक’ असे कोणी म्हणाले तर ते रेषेचे कौतुक नव्हे. शून्य आली नाही तर मात्र कुठेतरी टंकताना घोटाळा आहे, एवढे नक्की कळते.

अंदाज किती चुकतो हे `STEYX` सांगते. ते शिलकींचे वर्ग मिळवते (इथे २२०), त्याला मुलांच्या संख्येतून २ वजा करून म्हणजे ८ ने भागते आणि वर्गमूळ काढते. उत्तर ५.२४. ढोबळ अर्थ असा, की रेषेचा अंदाज पाचेक गुणांनी इकडेतिकडे होणे ही रोजची गोष्ट आहे.

वाढलेले गुण आणि शिल्लक एकच नव्हेत

इथे जरा थांबू, कारण शाळांतली सगळ्यात मोठी गफलत इथे होते. निकालानंतर आपण बोर्डातून पूर्वपरीक्षा वजा करतो आणि म्हणतो, याचे १६ वाढले, तिचे ४ वाढले. तक्त्यात हे करून पाहा. क्र. २ चे १० गुण वाढले आणि क्र. १० चे फक्त ४. सत्कार क्र. २ चा व्हायला हवा ना? पण शिल्लक पाहा. २५ गुणांवरच्या मुलाकडून १३ ची वाढ अपेक्षित होती आणि १० चीच झाली, म्हणून तो ३ ने मागे आहे. ७० गुणांवरच्या मुलीकडून ४ चीच अपेक्षा होती, ती तिने पुरी केली.

ही अपेक्षा खालच्या मुलांसाठी जास्त का? कारण चढ १ पेक्षा कमी आहे. पूर्वपरीक्षेत ज्यांना फार कमी पडले, त्यांच्यात खरोखर कच्ची मुले असतात, तशी त्या दिवशी ताप असलेली, चुकीचा धडा वाचून आलेली, शेवटची दोन पाने राहून गेलेली मुलेही असतात. बोर्डात त्यांचा तो वाईट दिवस बहुधा पुन्हा येत नाही, त्यामुळे ती आपोआप सरासरीकडे सरकतात. वरच्या टोकाला उलटे. तिथे नेमके पाठ केलेलेच आलेली काही मुले असतात, त्यांचे नशीब पुन्हा तसेच साथ देईल असे नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीत हाच प्रकार दाखवला. फार उंच आईबापांची मुले उंचच, पण आईबापांइतकी नव्हेत. रिग्रेशन म्हणजे मागे सरकणे, आणि पद्धतीचे नाव त्यातूनच आले.

याचा व्यवहारातला परिणाम असा. समजा पूर्वपरीक्षेत ३५ किंवा त्याहून कमी पडलेल्या सगळ्यांना तुम्ही जादा तासांना बसवले. पहिल्या चौघांचे गुण सरासरी १४ ने वाढले, वरच्या चौघांचे साडेसहानेच. जादा तास फळले, असा अहवाल लिहायला हात शिवशिवतो. पण जादा तास घेतले नसते तरी त्यातली काही वाढ झालीच असती. किती, ते या तक्त्यातून कळत नाही, कारण खालच्या गुणांची सगळीच मुले तासांना होती. तुलना करायची तर पूर्वपरीक्षेत साधारण तेवढेच गुण पडलेली, काही तासांना बसलेली आणि काही न बसलेली मुले हवीत. मग दोन्ही गटांची सरासरी शिल्लक शेजारी ठेवायची.

शिलकीचे चित्र काढा

B आणि E हे दोन रकाने निवडून विखुरलेल्या ठिपक्यांचा आलेख काढा. आडव्या अक्षावर पूर्वपरीक्षा, उभ्यावर शिल्लक. मधून शून्याची आडवी रेघ जाते. ठिपके तिच्या वरखाली कसेही, कसलीही नक्षी न दाखवता पसरलेले असतील, तर सरळ रेषा पुरेशी आहे. नक्षी दिसली तर थांबा.

मला सगळ्यात जास्त दिसलेली नक्षी म्हणजे वाटी उपडी ठेवल्यासारखी. मधले ठिपके शून्याच्या वर, दोन्ही टोकांचे खाली. हुशार वर्गात हे होते, कारण ८० च्या वर कोणी जाऊ शकत नाही. ७५ वाल्याला वाढायला पाचच गुणांची जागा असते, तरी रेषा त्याच चढाने वर जात राहते. अशा वेळी वक्ररेषा शोधण्याआधी साधा उपाय करावा, ७० च्या पुढच्या मुलांना वगळून उरलेल्यांची रेषा काढावी आणि वरच्यांसाठी अंदाज देऊच नये. त्यांना तशी त्याची गरजही नसते.

दुसरी नक्षी फनेलची, एका बाजूला ठिपके दाटीवाटीने आणि दुसरीकडे फाकलेले. कमी गुणांच्या मुलांची शिल्लक जास्त फाकलेली असेल तर सगळ्यांना एकच ‘पाचेक गुण’ लावू नका, खालच्यांना जास्त मोकळीक ठेवा.

एकटा पडलेला ठिपका

आपल्या चित्रात नक्षी नाही, पण क्र. ५ खाली एकटाच लोंबतो आहे. ४० वरून ३८. नुसता फरक पाहिला तर ‘दोनच गुण कमी’ म्हणून कोणी वळूनही पाहणार नाही. शिल्लक मात्र उणे १२ आहे, वर्गातली सगळ्यात मोठी.

सगळ्यात आधी आकडा बरोबर उतरवला आहे का ते पाहा. हाताने लिहिलेल्या यादीत ५८ चे ३८ व्हायला वेळ लागत नाही. आकडा बरोबर असेल तर दोन्ही भाग वेगळे आठवा. पूर्वपरीक्षेत २० आणि २० होते का? बोर्डात एखादा भाग कोसळला का? मुलाशी बोला. पेपर बरा गेल्याची त्याची खात्री असेल तर निकालानंतर ठरलेल्या मुदतीत बोर्डाकडे गुणपडताळणी आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. कुठे विचारायचे एवढे शिल्लक दाखवते. का झाले, हे तिला माहीत नसते. उणे १२ वरून ‘अभ्यास केला नाही’ असा शेरा लिहिणे अन्यायाचे आहे.

या ठिपक्याने आपल्या हिशेबाचे काय केले, तेही बघू. क्र. ५ काढून रेषा पुन्हा काढली तर ती साधारण ०.७८ × पूर्वपरीक्षा + २०.१ अशी येते, म्हणजे फारशी हलली नाही. पण `STEYX` ५.२४ वरून २.९ वर उतरते. एका मुलामुळे सगळ्या वर्गाचा अंदाज खरा होता त्याहून ढिसाळ दिसत होता.

रेषा हलली नाही याचे कारण तो मुलगा सरासरीच्या जवळ, ४० वर होता. तराजूच्या मध्याजवळ वजन ठेवले तर दांडी कलत नाही, तसेच हे. आता कल्पना करा, की क्र. ५ आहे तसाच आहे आणि शिवाय क्र. १० ला ७४ ऐवजी १२ कमी, म्हणजे ६२ पडले. ती दांडीच्या टोकाला बसली आहे. चढ ०.८ वरून ०.६६ वर येतो आणि तिची शिल्लक उणे १२ नव्हे, उणे ७ च दिसते, कारण तिने रेषाच आपल्याकडे ओढून घेतली. म्हणून टोकाच्या दोन-तीन मुलांची शिल्लक छोटी आहे एवढ्यावर समाधान मानू नका. त्यांना एकेक करून वगळा आणि चढ किती बदलतो ते पाहा.

वगळायचे कधी, यावर माझा नियम कडक आहे. आकडा चुकीचा होता किंवा मूल आजारी होते असे ठोस काही कळले तरच काढा, आणि काढल्याची नोंद तक्त्याखाली ठेवा. नुसती रेषा सुंदर दिसावी म्हणून काढायचे नाही. यंदाही एखादे मूल असेच कोसळू शकते, आणि ती शक्यता अंदाजात राहायला हवी.

यंदाच्या मुलांना लावताना

क्र. ५ ला ठेवलेली रेषाच घेऊ. पूर्वपरीक्षेत ४८ पडलेल्या मुलीचा अंदाज ०.८ × ४८ + १८ = ५६.४. हा एकटा आकडा तिला कधीही सांगू नका. ५.२४ च्या दुप्पट इकडेतिकडे धरले तर ४६ ते ६७ असा पट्टा येतो. फक्त दहा मुलांवरून काढलेली रेषा स्वतःही डळमळीत असते, ते हिशेबात धरले तर पट्टा आणखी रुंदावून ४४ ते ६९ होतो. ‘पन्नाशीच्या पुढे जाशील असे दिसते, पण चव्वेचाळीसही पडू शकतात’ हे वाक्य त्यातल्या त्यात प्रामाणिक आहे. पट्टा फार रुंद वाटत असेल तर मागची दोन-तीन वर्षे घ्या, पण प्रत्येक वर्षाची रेषा आधी वेगळी काढून बघा.

कारण पूर्वपरीक्षेचा पेपर दरवर्षी वेगळा असतो, आणि तो काढणारेही. समजा यंदा पेपर अवघड निघाला आणि वर्गाची सरासरी ४३ ऐवजी ३७ आली. जुनी रेषा सगळ्यांना जवळपास पाच गुणांनी खाली ढकलेल, दोष मुलांचा नसताना. हे निकालाआधी ओळखायचे तर प्रथम सत्राची सरासरी पाहा. ती मागच्या वर्षीइतकीच असेल आणि पूर्वपरीक्षेचीच पडली असेल, तर संशय पेपरवर घ्यावा. अशा वेळी तीच रेषा सरासरीपासूनच्या अंतराने वापरा: ५२.४ + ०.८ × (तिचे गुण − यंदाची सरासरी). ४८ वाल्या मुलीचा अंदाज मग ५२.४ + ०.८ × ११ = ६१.२ होतो. यात यंदाचा वर्ग मागच्याइतकाच तयार आहे हे आपण गृहीत धरले. दोन वर्ग खरोखरच वेगळ्या तयारीचे असतील तर ही दुरुस्ती उलट फसवेल.

बोर्डाचा निकाल लागल्यावर यंदाच्या मुलांची शिल्लक जुन्या रेषेवरून काढा. आता बेरीज शून्य येण्याचे बंधन नाही, म्हणून इथे सरासरी शिल्लक खरोखर काहीतरी सांगते. जवळजवळ सगळ्यांची शिल्लक अधिक आणि सरासरी +४ असेल, तर कोणत्या तरी एका पेपरची पातळी बदलली असे समजा. रेषा चार गुणांनी वर उचला आणि मगच मुलांकडे एकेक करून पाहा. ज्याची शिल्लक +४ आहे त्याने यंदा विशेष काही केलेले नसते, आणि ज्याची ० आहे तो प्रत्यक्षात चारने मागे असतो.